कुणाचं लेकरू रे तू?



हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजार नावाचं गाव आहे. तिथे दहा वर्षांचं एखादं पोर बसथांब्यावर एकटं उभं दिसलं, की शेजारी बसलेले आजोबा विचारणारच, “कुणाचं लेकरू रे तू?” पोरगंही घडाघडा सांगणार. माझं नाव अमुक, वडिलांचं नाव तमुक, पाचवीत आहे, अमक्या गल्लीत राहतो. “म्हणजे तू किराणा दुकानवाल्यांचा नातू की!” असं म्हणत आजोबा मान डोलावणार. झाली ओळख! गावाकडची ही रीत चांगलीच आहे. आजोबांना उत्तर न देता पोरगं तसंच उभं राहिलं, तर घरी बोलणी बसतात.

आता समजा, हाच प्रश्न तुम्हाला संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्याने विचारला. नवा खेळ खेळायचा म्हणून तुम्ही खातं उघडायला बसलात. पहिलीच चौकट समोर येते, तिच्यावर लिहिलेलं असतं `Username`. म्हणजे खेळात तुम्हाला कोणत्या नावाने ओळखायचं ते लिहा. इथे बहुतेक मुलं काय करतात, ठाऊक आहे? बसथांब्यावरच्या आजोबांना द्यायचं उत्तर त्या चौकटीत टाइप करतात! फरक एवढाच, की इथे ऐकणारे आजोबा एक नसतात. ते कोण आहेत, कुठे आहेत आणि आजोबा तरी आहेत का, हे आपल्याला दिसत नाही.

आज आपण असं एक नाव तयार करणार आहोत, अगदी पहिल्यापासून. आई-बाबांनाही शेजारी बसवा हं, कारण मधूनमधून त्यांचंही काम आहे.

खेळ घेऊ बुद्धिबळाचा. `lichess.org` म्हणजे लीचेस नावाचं एक संकेतस्थळ आहे. तिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते २०१० साली सुरू केलं. तिथे पैसे पडत नाहीत आणि जाहिरातीही दिसत नाहीत. जगभरची माणसं रात्रंदिवस तिथे डाव मांडून बसलेली असतात. पहिल्या खात्यासाठी ही जागा निवडायचं आणखी एक कारण आहे. इथे एकदा घेतलेलं नाव बदलता येत नाही. फार तर अक्षरं लहान-मोठी करता येतात, तीही एकदाच. तेव्हा चूक करायला वाव कमी, म्हणून विचार आधीच करावा लागतो. रोब्लॉक्ससारख्या खेळात नाव बदलता येतं, पण त्यासाठी १००० रोबक्स मोजावे लागतात. रोबक्स म्हणजे त्या खेळातला पैसा, आणि तो खऱ्या पैशाने विकत घ्यावा लागतो. बाबांना हे आधीच सांगून ठेवा!

समजा, आपल्या पाचवीतल्या मुलाचं नाव आहे ओंकार. जन्म २०१५ सालचा. त्याने पहिल्या झटक्यात नाव लिहिलं:

`omkar_jawala_2015`

लीचेसच्या नियमांत हे नाव बसतं. नाव इंग्रजी अक्षराने सुरू झालं पाहिजे आणि अक्षराने किंवा आकड्याने संपलं पाहिजे. मधे आडवी रेघ चालते, पण दोन रेघा लागोपाठ नकोत. हे सगळं ओंकारने पाळलं. यंत्राची काहीच तक्रार नाही. पण यंत्र फक्त अक्षरं तपासतं, त्यांतून काय कळतं ते तपासत नाही. ते काम आपलं.

ओंकार म्हणेल, “त्यात काय एवढं? ओंकार नावाची मुलं हजारो आहेत!” बरोबर आहे. महाराष्ट्रभर ओंकार पुष्कळ सापडतील. २०१५ साली जन्मलेले म्हटलं की त्यांतले थोडे उरतील. आणि जवळा बाजार म्हटलं की? आपल्या गावात पाचवीच्या वर्गात बसणारे ओंकार किती, ते तुम्हीच बोटांवर मोजा. दोन असतील, फार तर तीन. मुंबईच्या मुलाने नावात `mumbai` लिहिलं तर शोधणारा लाखोंच्या गर्दीत हरवतो. आपल्याकडे तसं होत नाही. गाव जितकं लहान, तितकं त्या गावाचं नाव जास्त सांगून जातं. शहरातली मुलं जे नाव बिनधास्त ठेवतात, तेच आपल्याला महागात पडू शकतं, ते यामुळे. आडनावाचंही तसंच. गावात एखाद्या आडनावाची पाच-सात घरं असली, की आडनाव म्हणजे जवळजवळ पत्ताच झाला.

हे कळल्यावर काय होईल? बहुतेक वेळा काहीच नाही. समोरचा खेळाडू डाव खेळेल आणि निघून जाईल. पण मुलांशी गोड बोलून मैत्री करणारी, मग फोटो मागणारी, मग “घरी सांगू नकोस” म्हणणारी काही मोठी माणसं इंटरनेटवर असतात, हे खरं आहे. अशा माणसाला सुरुवातीला हवा असतो एक धागा. “अरे, तू जवळ्याचा ना? मी तुझ्या शाळेत होतो!” एवढं म्हणता आलं, की अर्धी ओळख झाल्यासारखी वाटते. तो धागा आपल्याच नावातून त्याच्या हाती जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ओंकारने मग दुसरं नाव काढलं: `OmkarKing10`. गाव गेलं, साल गेलं. पण नाव तसंच राहिलं आणि १० म्हणजे वय, हे कुणीही ओळखेल. त्यातून पुढच्या वाढदिवसाला तो अकराचा होणार, तेव्हा नाव खोटं ठरणार ते वेगळंच.

तिसऱ्या खेपेला तो फार खूश होता. म्हणाला, “आता बघा! माझं नाव नाही, वय नाही, काहीच नाही!”

`Nagnath38`

चलाखी दिसतेय खरी. पण जरा थांबा. औंढा नागनाथचं देऊळ सगळ्या देशाला माहीत आहे. आणि ३८? बाहेर जाऊन दारातल्या मोटारसायकलची पाटी वाचा. एमएच ३८, म्हणजे हिंगोली जिल्हा! परभणीचा आकडा २२, नांदेडचा २६. आपल्याला हे आकडे इतके सवयीचे असतात, की ते काही सांगताहेत असं वाटतच नाही. आवडता आकडा म्हणून मुलं हेच लिहितात. कुणी गाडीचा आकडा लिहितं, कुणी हजेरीतला नंबर, कुणी जन्मतारीख, तर कुणी बाबांच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे. शेवटचं तर मुळीच नको, कारण आकड्यांचे असे तुकडे घरातली माणसं पासवर्डमध्येही वापरतात.

म्हणजे गंमत अशी, की `Nagnath38` मध्ये ओंकार कुठेच नाही, पण त्याचा जिल्हा मात्र दोनदा सांगितलेला आहे.

मग करायचं काय? नुसतं `xqz7714` ठेवायचं? चालेल, पण ते ना ओंकारच्या लक्षात राहील, ना त्याला आवडेल. नाव आपलं वाटलं पाहिजे. ते आपल्याला काही सांगेल आणि परक्याला काहीच सांगणार नाही, असं हवं. त्यासाठी स्वतःकडे बघायचं सोडा आणि खेळाकडे बघा.

ओंकारची एक खोड आहे. बुद्धिबळात तो घोडे नाचवतो, उंट पळवतो, पण हत्ती मात्र कोपऱ्यात तसेच बसवून ठेवतो. डाव संपत आला तरी हत्ती झोपलेलेच! त्याची ताई यावरून त्याला रोज चिडवते. झालं तर मग, झोपाळू हत्ती. इंग्रजी अक्षरांत `ZopaluHatti`. अक्षरं अकरा, म्हणजे लांबीचाही प्रश्न नाही. ओंकारला त्यामागची गोष्ट माहीत आहे, ताईला माहीत आहे. बाहेरच्याला फार तर एवढंच कळेल, की हा कुणीतरी मराठी समजणारा आहे. मराठी समजणारी माणसं तर कोट्यवधी आहेत. शिवाय मुलगा की मुलगी, हेही यातून कळत नाही. नावात `boy`, `girl`, `prince`, `rani` असलं काही घालू नका, असं मी म्हणतो ते त्यासाठीच.

आता समजा, `ZopaluHatti` आधीच कुणीतरी घेऊन ठेवलंय. सगळ्यात जास्त चुका नेमक्या इथे होतात. एवढं चांगलं नाव सुचलेलं असतं, ते सोडवत नाही, आणि मग हात आपोआप जन्मसालाकडे जातो. `ZopaluHatti2015`! सगळी मेहनत पाण्यात. त्याऐवजी सापशिडीच्या डब्यातला फासा काढा आणि दोनदा टाका. ओंकारला आले ५ आणि २. म्हणून `ZopaluHatti52`. फाशाला ना आपला वाढदिवस माहीत, ना गाडीचा नंबर. म्हणून तो चांगला. आलेला आकडा योगायोगाने घरातल्या कशाशी जुळला, तर पुन्हा टाका.

एक सूचना. `ZopaluHatti52` हे नाव आता छापून आलंय, तेव्हा तुम्ही ते घेऊ नका. आपला प्राणी आपण शोधा.

नाव तयार झालं की लगेच खातं उघडायचं नाही. आधी त्याची परीक्षा घ्यायची. ते एका कागदावर लिहा आणि मामा, काकू, शेजारची ताई अशा तिघांना दाखवा. काही सांगू नका. फक्त विचारा, “हा कोण असेल? मुलगा की मुलगी? किती वर्षांचा? कुठला?” नुसते अंदाज त्यांनी खुशाल बांधावेत. पण कुणी “यावरून कळतं की” असं म्हणून बरोबर उत्तर दिलं, तर ते नाव नापास. सगळ्यात कडक परीक्षक म्हणजे मोठी भावंडं. नाव वाचून कुणाला हसू आलं, तर का आलं ते विचारा. मराठीत साधा असणारा शब्द इंग्रजी अक्षरांत कधी कधी भलताच वाचला जातो. लीचेसवर अशोभनीय नावाची खाती बंद करतात, नाव लिहितानाच ते तशी ताकीद देतात.

पुढची तपासणी आई-बाबांनी करायची. ते नाव इंटरनेटवर शोधून बघा. त्या नावाने दुसरं कुणी वाईटसाईट काही करत असेल, तर ते नाव नको. आणि हेच नाव तुमच्या ई-मेलमध्ये किंवा ओंकारच्या दुसऱ्या एखाद्या खात्यात तर नाही ना? एकच टोपणनाव घेऊन शेकडो संकेतस्थळांवर ते कुठे कुठे आहे, हे भराभर शोधणारे प्रोग्रॅम आहेत. एका ठिकाणी नुसता हत्ती दिसला, दुसरीकडे त्याच हत्तीच्या नावाने चढवलेला शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ सापडला, तर कोडं सुटलंच. म्हणून खेळाचं नाव फक्त खेळापुरतं. दुसरीकडे दुसरा प्राणी घ्यायचा!

खातं उघडताना लीचेस ई-मेलही मागतं. तो आईचा किंवा बाबांचा द्यायचा. तो इतर खेळाडूंना दिसत नाही. खातं चालू करण्यासाठी आणि पासवर्ड विसरला तर तो परत मिळवण्यासाठी त्याचा उपयोग होतो. पासवर्ड मात्र नावाशी मिळताजुळता नको. तो आईच्या वहीत लिहून ठेवा.

मग खातं उघडतं, आणि आता नवाच मोह! माहितीच्या पानावर खरं नाव, गाव, स्वतःविषयी चार ओळी लिहायला रिकाम्या जागा दिसतात. रिकामी जागा दिसली की भरायची, ही आपली परीक्षेतली सवय. इथे ती सोडा. हत्तीला एवढं झोपवून ठेवलं आणि खाली लिहिलं ‘मी ओंकार, जवळा बाजार’, तर मग काय उपयोग? रिकामं पान चालतं. त्याचे गुण कापत नाहीत.

त्यानंतर वर उजवीकडे आपल्या नावावर जाऊन पसंतीच्या पानात `Kid mode` शोधा आणि ते चालू करा. त्याने संदेश, गप्पा, चर्चा असं सगळं बोलणं बंद होतं. खेळ मात्र पूर्वीसारखाच चालतो. चालू झालं की वर लीचेसच्या चिन्हाशेजारी एक हसरा चेहरा दिसतो. आई-बाबांनी जाता-येता पडद्यावर नजर टाकली तरी पुरे. चेहरा आहे म्हणजे बोलणं बंद आहे. चेहरा दिसेनासा झाला, तर विचारा.

पण एक गोष्ट नाव कितीही चांगलं असलं तरी लपत नाही. लीचेसवर खेळलेले डाव सर्वांना उघड असतात. `ZopaluHatti52` हे नाव माहीत असलेला कुणीही तो कधी खेळला, किती हरला, कोणती चाल चुकला, हे बघू शकतो. रोज संध्याकाळी सहा ते सात तो खेळत असेल, तर तेही कळतं. म्हणून नाव आणि खरा मुलगा यांच्यातली गाठ कुठेच दिसता कामा नये. बुद्धिबळाच्या स्पर्धेला गेलात की तिथे खरंच नाव द्यावं लागतं, आणि निकालांच्या याद्याही इंटरनेटवर लागतात. त्यांत काही गैर नाही. फक्त स्पर्धेच्या ठिकाणी ओळख झालेल्या सगळ्यांना “लीचेसवर मी झोपाळू हत्ती” असं सांगत सुटू नका. जवळच्या मित्राला सांगायचं असेल, तर तोंडी सांगा आणि आधी घरी विचारा.

मोठे खेळाडू काय करतात? मॅग्नस कार्लसन २०१३ ते २०२३ एवढा काळ जगज्जेता होता. तो लीचेसवर `DrNykterstein` या नावाने खेळलेला आहे. नावात ना मॅग्नस, ना कार्लसन. उलट अलिरेझा फिरूझा या मोठ्या खेळाडूचं लीचेसवरचं नाव आहे `alireza2003`. त्याचा जन्म कोणत्या साली झाला असेल, सांगा पाहू? आता तो जगप्रसिद्ध आहे, त्याचं जन्मसाल सगळीकडे छापलेलं आहे, त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. पण नावावरून साल ओळखायला तुम्हाला किती वेळ लागला, तेवढं बघा.

शाळेत बुद्धिबळ शिकवणाऱ्या गुरुजींसाठी आणि बाईंसाठीही लीचेसवर सोय आहे. तिथे वर्ग तयार करता येतो आणि विद्यार्थ्यांची खाती गुरुजींनाच उघडता येतात. मुलाचं खरं नाव फक्त वर्गात दिसतं, बाहेर नाही, आणि खेळायचं नाव हवं तर यंत्रच सुचवतं. अशा खात्यात बोलणं पहिल्यापासून बंद असतं. पासवर्ड मात्र एकदाच दाखवतात, तेव्हा तो लगेच लिहून घ्यावा. हजेरीपटावरचीच नावं खेळायची नावं म्हणून देण्याचा मोह काही गुरुजींना होतो. तसं करू नये, अशी माझी विनंती आहे.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, “माझं खातं तर आधीच माझ्या नावाने आहे!” असू दे. रागावू नका आणि घाबरूही नका. ते पसंतीच्या पानातून बंद करा आणि नव्या नावाने दुसरं उघडा. बंद केलेलं नाव पुन्हा कुणाला घेता येत नाही, तेव्हा तुमच्या नावाने दुसरा कुणी बसेल ही भीती नाही. मिळवलेले गुण जातात, हे वाईट खरं. म्हणूनच दहा डाव झाले असताना बदलणं सोपं. हजार झाल्यावर जीव तुटतो. आणि नाव सुचेपर्यंत खेळ थांबवायचं काही कारण नाही, कारण लीचेसवर खातं न उघडताही यंत्राशी खेळता येतं.

या किंवा दुसऱ्या कुठल्याही खेळात कुणी फोटो मागितला, पत्ता विचारला, “कुणाला सांगू नकोस” म्हटलं, तर खेळ तिथेच थांबवून पडदा तसाच आई-बाबांना दाखवा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन आहे आणि सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीसाठी १९३०. पालकांनो, अशा वेळी आधी पोराला झापू नका. झापलेलं पोर पुढच्या वेळी सांगत नाही.

डाव सगळ्यांना दिसतात म्हणून मघाशी आपण काळजी केली, पण त्याचा घरच्यांना एक फायदाही आहे. ओंकारच्या आईला त्याच्या मागे उभं राहून बघायची गरज नाही, की त्याचा मोबाइल तपासायचीही नाही. तिने स्वतःच्या फोनवर `lichess.org/@/ZopaluHatti52` एवढं लिहिलं, की झालं. तिचं स्वतःचं खातं असायलाही नको. सगळे डाव वेळेसकट समोर येतात. समजा, एका रात्री साडेनऊला तिने सहज ते पान उघडलं. ओंकारने तर सांगितलं होतं, की तो आतल्या खोलीत गणितं सोडवतोय. आणि पडद्यावर दिसतंय काय? झोपाळू हत्ती टक्क जागा, आणि डाव रंगात आलेला!